वर्गात भंतेजींना बोलवायचंय? पत्र कसं लिहायचं आणि मुलांनी काय विचारायचं

पहिल्यांदा मी भंतेजींना, म्हणजे बौद्ध भिक्खूंना, शाळेत बोलवलं तेव्हा पत्र एकदम छान टाइप केलं होतं, वर शाळेचं बोधचिन्ह, खाली "आपणास योग्य मानधन देण्यात येईल", कार्यक्रम साडेअकराला, नंतर सव्वाबाराला स्टाफरूममध्ये पुरी-भाजी आणि श्रीखंड. भंतेजी आले, छान बोलले, मुलांनी प्रश्न विचारले, मग आम्ही ताट वाढलं आणि त्यांनी हसून फक्त पाणी घेतलं. सोबतच्या उपासकांनी मला बाजूला घेऊन हळूच सांगितलं की सर, साडेबारा होत आले, आता भंते उद्या सकाळपर्यंत जेवणार नाहीत. म्हणजे माझ्या कार्यक्रमामुळे एक माणूस दिवसभर उपाशी राहिला आणि एका शब्दाने बोलला नाही.

त्या दिवशी मला एक गोष्ट कळली जी कुठल्याच पत्रलेखनाच्या पुस्तकात नव्हती. भिक्खूंचे जे नियम आहेत, ज्याला विनय म्हणतात, त्यात स्वतःहून मागणं जवळपास बंद आहे. जो नात्यातला नाही आणि ज्याने आधी "काही लागलं तर सांगा" असं म्हणून ठेवलेलं नाही, त्याच्याकडे चांगलंचुंगलं जेवण, वस्त्र वगैरे भिक्खू स्वतःसाठी मागत नाही. आजारी असेल तर सूट असते. म्हणून पाहुण्याला आपण नेहमी म्हणतो ना, "काही लागलं तर फोन करा", ते इथे पुरत नाही. गाडी कधी येणार, जेवण कधी, बसायला काय, पैसे आहेत की नाहीत, सगळं आपणच आधी लिहून द्यायचं. त्यांनी फक्त हो किंवा नाही म्हणायचं. पत्राची सगळी रचना ह्या एका गोष्टीवर उभी राहते, म्हणून पुढे जे सांगतोय ते बहुतेक त्याच्याशीच येऊन थांबेल.

उदाहरण मी ह्या वर्षीचंच घेतो. आमची शाळा मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या गावात, इयत्ता सहावी, ३८ मुलंमुली. डिसेंबरमध्ये सहल अजिंठ्याला गेली होती. १२ नंबरच्या लेण्यात छोट्या छोट्या खोल्या आहेत आणि त्यात झोपायचे दगडी ओटे, ते बघून एका मुलीने विचारलं की सर इथे राहणारी माणसं आता कुठे राहतात. आता ह्याचं उत्तर मी देण्यापेक्षा गावापासून सहा किलोमीटरवरच्या विहारातले भंतेजी देतील तर बरं, असं वाटलं. शिवाय सहावीच्या इतिहासात प्राचीन भारतातले धार्मिक प्रवाह हा पाठ आहेच, त्यामुळे तास अभ्यासक्रमाबाहेरचा आहे असं कोणी म्हणू शकत नाही.

आधी बघा की आपण बोलवतोय कोणाला

इथे बरेच जण गडबडतात. लग्न लावायला, नामकरणाला पांढऱ्या कपड्यात जे येतात ते बऱ्याचदा बौद्धाचार्य असतात, ते गृहस्थ असतात, नोकरी-धंदा-संसार सांभाळून विधी करतात. चीवर, म्हणजे भिक्खूंचं वस्त्र, घातलेले सगळे भिक्खूच असतात असंही नाही, त्यात श्रामणेर, म्हणजे अजून शिकाऊ असलेले, असू शकतात. आपल्याकडे सुट्टीत श्रामणेर शिबिरं होतात, त्यात मुलं आणि मोठी माणसं दहा-बारा दिवस चीवर घालून राहतात आणि मग घरी जातात. भिक्खू म्हणजे ज्यांची उपसंपदा, म्हणजे संघातली पूर्ण दीक्षा, झाली आहे ते, आणि त्यासाठी वय किमान २० लागतं. श्रामणेराला १० शीलं असतात, भिक्खूला थेरवादी परंपरेत २२७ नियम. भिक्खू म्हणून ज्यांचे १० वर्षावास, म्हणजे पावसाळ्यातले मुक्काम, झाले ते थेर, २० झाले की महाथेर.

तिघांपैकी कोणालाही बोलवा, तिघांकडे सांगण्यासारखं वेगळं आहे, पण पत्रातला मायना आणि मुलांचे प्रश्न त्यावर ठरतात. बौद्धाचार्यांना "तुम्ही दुपारनंतर का जेवत नाही" विचारलं तर ते म्हणतील अरे मी जेवतो की. विहार समितीच्या सचिवांना किंवा तिथल्या एखाद्या जुन्या उपासिकेला नुसतं विचारलं तरी पाच मिनिटांत कळतं. भिक्खुनी असतील तर त्यांना काय म्हणून हाक मारायची हेही तिथेच विचारून घ्या, आपल्या मनाने "मॅडम" लिहू नका.

तारीख आणि वेळ

आषाढ पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत वर्षावास असतो, तीन महिने भिक्खू एकाच ठिकाणी मुक्काम करतात. म्हणजे ह्या काळात बोलवायचंच नाही असं नाही, दिवसा जवळच्या गावी येऊन परत विहारात जाता येतं, पण दूरच्या भंतेजींना मुक्कामाला बोलवायला हा काळ चुकीचा. त्यानंतरचा कार्तिक पौर्णिमेपर्यंतचा महिना कठीण चीवरदानाचा, म्हणजे वर्षावास संपल्यावर भिक्खूंना वस्त्र देण्याचा, विहारात गर्दी. मग १४ ऑक्टोबर आणि दसरा (१९५६ साली नागपूरला बाबासाहेबांनी दीक्षा घेतली तो दिवस दोन्ही हिशोबांनी पाळतात), ६ डिसेंबर, १ जानेवारी, १४ एप्रिल, बुद्ध पौर्णिमा ह्यांच्या आसपास भंतेजींची डायरी भरलेली असते. कुठल्याही पौर्णिमेला उपोसथ, म्हणजे व्रताचा दिवस, असतो, लोक विहारात येतात, तो दिवस सोडा. रविवारी वंदना असते पण रविवारी आपली शाळाच नसते. आणि लग्नसराईत मंगल परिणयाची बोलावणी एवढी असतात की ठरलेला कार्यक्रमही पुढे जातो.

आम्ही शुक्रवार ९ जानेवारी धरला आणि पत्र १५ डिसेंबरला दिलं, म्हणजे साधारण साडेतीन आठवडे आधी. तेवढे पुरतात.

वेळ मात्र जेवणापासून उलटी मोजायची. भिक्खूचं जेवण सूर्य माथ्यावर यायच्या आत संपायला हवं. आता खरा मध्यान्ह गावागणिक वेगळा असतो, मुंबईत तो घड्याळाच्या साडेबाराच्याही पुढे जातो, पण आपण त्या भानगडीत पडायचं नाही, घड्याळातले १२ ही रेघ धरायची. बाराला हात धुवायचे तर अकरा-वीसला ताट समोर हवं. म्हणजे बोलणं अकराला संपायला हवं. म्हणजे सुरुवात सव्वादहाला, गाडी विहारात पावणेदहाला. आमच्याकडे शाळा दहाला भरते म्हणून जमलं. तुमची शाळा दुपारची असेल तर सरळ दुपारी दोनला ठेवा आणि जेवणाचा विषयच काढू नका, फक्त पाणी किंवा गाळलेला फळांचा रस. चहाबद्दल एकमत नाही, काही भंते घेतात, काही दुधाचा नको म्हणतात, त्यामुळे सोबतच्या उपासकांना विचारा. सर्वात वाईट वेळ म्हणजे साडेअकरा ते साडेबारा, जी आम्ही पहिल्या वेळी निवडली होती.

मुख्याध्यापक आणि पालक

हे काम पत्राच्या आधीचं. संविधानाचं २८ वं कलम असं आहे की पूर्णपणे सरकारी पैशावर चालणाऱ्या शाळेत धार्मिक शिक्षण देता येत नाही, आणि मान्यताप्राप्त किंवा अनुदानित शाळेतही कोणाला धार्मिक शिक्षणात किंवा उपासनेत भाग घ्यायला लावता येत नाही, अल्पवयीन मुलाच्या बाबतीत पालकांची संमती लागते. पण धर्मांविषयी माहिती देणं आणि धर्म शिकवणं ह्यात फरक आहे, २००२ मध्ये सुप्रीम कोर्टाने अरुणा रॉय खटल्यात हा फरक मान्य केलाय. आपल्या कामाची रेघ तीच. भंतेजी स्वतःचं आयुष्य सांगतात, मुलं विचारतात, हे चालतं. सगळ्या वर्गाला हात जोडून त्रिशरण-पंचशील म्हणायला लावणं हे उपासनेत जातं, मग ते कितीही चांगलं वाटो. आणि हा नियम बुवा, फादर, मौलाना सगळ्यांना सारखाच, तुमच्या शाळेत इतर वेळी काय काय म्हणून घेतात तो वेगळा वादाचा विषय आहे.

पालकांना आम्ही वहीत चार ओळी लिहून दिल्या: "इतिहासाच्या पाठाला जोडून शुक्रवार दि. ९ जानेवारी रोजी सकाळी १०.१५ ते ११ या वेळेत एक बौद्ध भिक्खू वर्गात येऊन त्यांच्या दिनचर्येबद्दल बोलतील. कोणतीही प्रार्थना किंवा विधी होणार नाही. मुलांनी विचारायचे प्रश्न घरून लिहून आणावेत. आपली हरकत असल्यास वर्गशिक्षकांना कळवावे, त्या वेळेत पाल्याला ग्रंथालयात बसता येईल." एकाच पालकांचा फोन आला आणि तोही मुलाऐवजी आपण येऊन बसू का म्हणून.

पत्र

हे आमचं पत्र, नावं काढून जसंच्या तसं देतो.

दि. १५ डिसेंबर २०२५

प्रति,
पूज्य भदंत ………………,
……………… बुद्ध विहार.

विषय: इयत्ता सहावीच्या मुलांशी भिक्खूंच्या दिनचर्येबद्दल बोलण्याची विनंती.

पूज्य भंतेजी,

सविनय वंदामि.

मी ……………… शाळेत सहावीच्या वर्गाला इतिहास शिकवतो. आमची मुलं नुकतीच अजिंठ्याला जाऊन आली. तिथल्या भिक्खूंच्या खोल्या पाहिल्यावर, आजचे भिक्खू कुठे आणि कसे राहतात असं त्यांनी विचारलं. याचं उत्तर त्यांना आपल्याकडूनच मिळावं अशी इच्छा आहे.

शुक्रवार दि. ९ जानेवारी २०२६ रोजी सकाळी १०.१५ ते ११ या वेळेत आपण वर्गात यावं ही विनंती. सुरुवातीला पंधरा मिनिटं आपण आपला रोजचा दिवस कसा जातो ते सांगावं आणि उरलेल्या वेळात मुलांच्या प्रश्नांना उत्तरं द्यावीत. मुलं ११-१२ वर्षांची आहेत, एकूण ३८, आणि वेगवेगळ्या धर्मांच्या घरांतली आहेत. शाळेच्या नियमाप्रमाणे मुलांकडून वंदना किंवा प्रार्थना म्हणून घेता येत नाही. आपण एखादी गाथा स्वतः म्हणून तिचा अर्थ सांगितलात तर मुलांना ऐकायला नक्की आवडेल.

आपल्याला व सोबतच्या उपासकांना नेण्यासाठी सकाळी ९.४५ वाजता विहारात गाडी येईल आणि भोजनानंतर परत सोडेल. गाडीसोबत आमचे दोन पुरुष सहकारी असतील. ११.१५ वाजता शाळेतच भोजनदान करण्याची आमची इच्छा आहे, ते १२ च्या आत पूर्ण होईल. जेवण साधं शाकाहारी असेल. पथ्य किंवा औषध असल्यास उपासकांमार्फत कळवावं.

शाळेतर्फे विहाराला जे दान द्यायचं आहे ते विहार समितीकडे देऊ. याशिवाय आपल्याला काही लागत असल्यास निःसंकोच सांगावं, ही आमची विनंती समजावी.

मुलांचे निवडलेले प्रश्न सोबत जोडले आहेत. एखादा प्रश्न नको असल्यास तो काढून टाकू. कार्यक्रमाचे फोटो फक्त आपली परवानगी असेल तरच काढू.

मी शनिवारी २० तारखेला सकाळी विहारात येऊन आपला होकार किंवा अडचण समजून घेईन.

आपला विनम्र,
………………
(वर्गशिक्षक, सहावी)
मुख्याध्यापकांची सही व शिक्का

आता ह्यात काय का लिहिलंय ते. "वंदामि" हे बौद्ध नसलेल्या शिक्षकाने लिहावं का असं मला दोघांनी विचारलं. लिहिलं तर चांगलंच, पण मनाला पटत नसेल तर "सादर नमस्कार" लिहा, कोणी रागावत नाही. फक्त "ह.भ.प.", "महाराज", "स्वामीजी" हे नको, आणि "भंतेजी साहेब" तर नकोच नको, मी वाचलंय असं एका पत्रात.

"मानधन" आणि "दक्षिणा" हे दोन शब्द काढून टाका. सोनं-रुपं, म्हणजे पैसे, स्वीकारायचे नाहीत हा श्रामणेराच्या दहा शीलांमधलाच नियम आहे. प्रत्यक्षात सगळीकडे तो तेवढा कडक पाळला जातो असं नाही, प्रवासाला पैसे लागतातच, पण आपण हातात पाकीट देऊन त्यांना अवघड जागी का आणायचं. समितीकडे द्या, पावती घ्या, शाळेच्या हिशोबालाही बरं. किंवा वस्तू द्या. चीवर, अन्न, निवारा आणि औषध ह्या चार गोष्टी भिक्खूला चालतात, म्हणजे साबण, टॉवेल, मधुमेहाच्या गोळ्या (चिठ्ठी बघून), वह्या हे सगळं बसतं.

"निःसंकोच सांगावं, ही आमची विनंती" हे वाक्य शोभेचं वाटेल पण पत्रातलं सर्वात कामाचं वाक्य तेच. विनयात ह्याला पवारणा म्हणतात, म्हणजे गृहस्थाने आधीच मोकळीक देऊन ठेवणं, आणि ती दिली की भिक्खूला मागता येतं. आमच्या वेळी त्या वाक्यामुळेच उपासकांचा फोन आला की भंतेंचे गुडघे दुखतात, जिना नको. वर्ग वरच्या मजल्यावर होता. आम्ही खालचं चित्रकलेचं दालन घेतलं.

दोन पुरुष सहकारी का, तर भिक्खू एकट्या स्त्रीसोबत एकांतात बसत नाहीत, प्रवासही ठरवून करत नाहीत. शिक्षिका असाल तर स्वतः स्कूटीवर आणायला जाऊ नका, पत्र द्यायला जातानाही कोणाला तरी सोबत न्या, एवढंच. वर्गात बोलायला, प्रश्न विचारायला काहीच अडचण नसते.

आणि होकार प्रत्यक्ष जाऊन घ्या. जुन्या पाली ग्रंथांत बुद्धांना कोणी भोजनाचं निमंत्रण दिलं की ते गप्प राहतात आणि गप्प राहणं म्हणजेच स्वीकार असं येतं. वाचायला सुंदर आहे, पण आजच्या विहारात शांतता म्हणजे होकार समजून मंडपवाल्याला आगाऊ रक्कम देऊ नका. समितीच्या वहीत तारीख लिहिलेली डोळ्यांनी बघा.

प्रश्न

मुलांना नुसतं "प्रश्न विचारा" म्हटलं की पहिला प्रश्न येतो "तुम्ही टक्कल का करता", सगळे हसतात आणि पुढची दहा मिनिटं त्यातच जातात. म्हणून चिठ्ठ्या. आमच्याकडे ३८ मुलांकडून ५७ चिठ्ठ्या आल्या, त्यातले सारखे एकत्र करून आणि भाषा नीट करून दहा ठेवले. प्रश्न बदलायचा नाही, फक्त धार बोथट करायची. "टक्कल का" चं झालं "केस किती दिवसांनी काढता, कोण काढतं, आणि का". ह्याचं उत्तर वस्तऱ्यापर्यंत जातं, आणि वस्तरा हा भिक्खूच्या आठ वस्तूंपैकी एक. तीन चीवरं, पात्र, वस्तरा, सुई, कमरपट्टा आणि पाणी गाळायचं फडकं, झाला सगळा संसार. पत्रासोबत विनंती केली तर भंतेजी पात्र घेऊन येतात, आणि एकदा पात्र टेबलावर आलं की मुलं अर्धा तास हलत नाहीत.

दहा प्रश्न ज्या क्रमाने विचारले तो क्रम असा:

१. आज सकाळी तुम्ही किती वाजता उठलात आणि इथे येईपर्यंत काय काय केलं?
२. आज सकाळचं जेवण कुठून आलं, कोणी बनवलं?
३. दुपारनंतर जेवत नाही तर भूक लागत नाही का, पहिल्या वर्षी कसं वाटलं?
४. तुमच्याकडच्या आठ वस्तू कोणत्या, आणि मोबाईल नववा का?
५. केस किती दिवसांनी काढता, कोण काढतं, आणि का?
६. चीवर शिवलेलं असतं की नुसतं गुंडाळलेलं, आम्हाला त्याचे तुकडे दाखवाल का?
७. पावसाळ्यात तीन महिने एका जागी का राहायचं?
८. अजिंठ्याच्या दगडी ओट्यावर झोपून बघितलंय का?
९. भिक्खू व्हायचं ठरवलं तेव्हा घरचे काय म्हणाले?
१०. तुम्हाला राग आला तर काय करता?

पहिला प्रश्न मुद्दाम असा की ज्याला फक्त खरी हकीकत हेच उत्तर आहे. "बौद्ध धर्माची तत्त्वं सांगा" विचारलं की भाषण सुरू होतं, चार आर्यसत्यं, अष्टांगिक मार्ग, सगळं बरोबर पण मुलं खिडकीबाहेर. "आज" हा शब्द असला की माणूस गोष्ट सांगतो. सहावा प्रश्न वरवर कपड्याचा आहे पण चीवर हे तुकडे जोडून शिवतात, शेताच्या वाफ्यांसारखी रचना असते, ते उलगडून दाखवलं की मुली पुढे सरकून बघतात. सातव्याचं उत्तर मी आधीच वर्गात सांगितलं नाही, मुद्दाम. पावसात चालताना कोवळं पीक आणि जीवजंतू पायाखाली येतात ह्यासाठी हा नियम आला, आणि लेणी म्हणजे तेव्हाचा पावसाळ्यातला निवारा, ही जोडणी भंतेजींच्या तोंडून आली आणि सहलीतला प्रश्न आपोआप सुटला. आठवा शेवटपर्यंत ठेवू नका, त्यावर हशा होतो आणि हसल्यानंतरच नववा विचारता येतो.

नववा आधी विचारून घ्या, पत्रासोबत प्रश्न पाठवायचे ते ह्यासाठीच. कोणाच्या घरी ह्यावरून वर्षानुवर्षं बोलणं बंद असतं. नको म्हणाले तर निमूट काढा.

काढून टाकलेले प्रश्नही सांगतो. "आमच्या देवाला तुम्ही मानता का" हे दोन चिठ्ठ्यांत होतं. प्रश्न प्रामाणिक आहे, पण ३८ वेगवेगळ्या घरांतल्या मुलांसमोर त्याचं उत्तर हो आलं तरी भांडण, नाही आलं तरी भांडण. मी तो "बुद्धांना तुम्ही देव म्हणता की माणूस" असा करून राखीव ठेवला. "तुमची आधीची जात कोणती" हा एकाच चिठ्ठीत होता, तो फाडला, आणि त्या मुलाशी स्वतंत्र बोललो, वर्गात नाही. एवढं सोडून "मेल्यावर काय होतं" सारखे प्रश्न काढू नका, अकरा वर्षांच्या मुलाला ते खरंच पडतात.

प्रत्येक प्रश्न एका मुलाला वाटून द्या, त्याला पाठ नको, चिठ्ठी हातात चालेल. आणि पाच मिनिटं मोकळी ठेवा, आयत्या वेळी जो प्रश्न येतो तो ह्या दहांपेक्षा बरा असतो. आमच्याकडे एकाने विचारलं, भंते तुम्हाला सुट्टी असते का.

त्या दिवशी

शाळेचं नेहमीचं स्वागत म्हणजे हार, शाल, श्रीफळ, सरस्वतीच्या फोटोसमोर दीपप्रज्वलन. इथे जवळपास सगळंच अडतं. माळ, अत्तर, शोभेच्या वस्तू अंगावर न घेणं हे शील आहे, म्हणून हार गळ्यात घालू नका, फुलं द्यायची तर हातात द्या. २२ प्रतिज्ञा घेतलेल्या परंपरेतल्या भंतेंना देवतेच्या फोटोला हार घालायला सांगणं म्हणजे भर वर्गात पेचात पकडणं. आम्ही सरळ सगळं वगळलं, एका मुलीने "वर्गात तुमचं स्वागत" म्हणून सहलीत काढलेलं लेण्याचं चित्र दिलं. शेकहँडही नको, विशेषतः शिक्षिकांनी. हात जोडले की पुरे. "वंदामि भंते" म्हटलं तर ते आशीर्वाद देतील, त्याला उत्तर द्यावं लागत नाही.

बसायला खुर्ची आणि मुलं खाली सतरंजीवर, हे सर्वात सोपं. ऐकणारा वरच्या आसनावर किंवा पायात चपला असेल तर भिक्खूने धम्म सांगू नये असे बारीक नियम आहेत, त्यामुळे चपला बाहेर आणि मुख्याध्यापकांची गादीची मोठी खुर्ची भंतेंना. मुख्याध्यापकांना हे आदल्या दिवशी सांगा, आयत्या वेळी नाही.

जेवण हातात किंवा समोर नीट अर्पण करून द्यायचं, बुफे लावून "घ्या भंते" म्हणायचं नाही. ताट दोन्ही हातांनी उचलून द्या. वाढताना सगळं एकदाच समोर आणा, कारण बाराचा काटा जवळ आला की दुसऱ्यांदा भात आणेपर्यंत वेळ निघून जाते. आमच्याकडे अकरा-पस्तीसला जेवण झालं, त्यानंतर भंतेजींनी दोन मिनिटं आशीर्वादाच्या गाथा म्हटल्या, मुलं मधल्या सुट्टीत होती त्यामुळे तिथे फक्त आम्ही मोठे.

बिघडतंय हे ओळखायची एकच खूण मला सापडली आहे. भंतेजी बोलता बोलता सोबतच्या उपासकांकडे बघायला लागले की काहीतरी लागतंय आणि ते मागू शकत नाहीयेत. पाणी, बाथरूम, पंखा, किंवा वेळ. तेव्हा तुम्हीच पुढे होऊन उपासकांना विचारा.

भंतेजींऐवजी दुसऱ्या कोणाला बोलवत असाल तर पत्राचा सांगाडा हाच, पण अडचणी बदलतात. जैन साधू-साध्वी वाहनात बसत नाहीत, पायीच फिरतात, त्यामुळे "गाडी पाठवतो" लिहिणं म्हणजे पहिल्याच ओळीत अज्ञान दाखवणं, त्यापेक्षा वर्गच उपाश्रयात न्या. वसईकडच्या चर्चमधल्या फादरांना गाडी, जेवण, पैसे ह्याची अडचण नाही, फक्त रविवार, नाताळचे दिवस आणि ईस्टरच्या आधीचा आठवडा सोडा.

आभाराचं पत्र तीन दिवसांच्या आत, आणि टाइप केलेलं नको. आम्ही ३८ जणांकडून एकेक ओळ घेतली, "मला हे माहीत नव्हतं की…" अशी सुरू होणारी, आणि वेळेअभावी राहिलेले सात प्रश्न वेगळ्या पाकिटात घातले. महिनाभराने विहारातून वहीच्या पानावर पाच उत्तरं आली. सुट्टीच्या प्रश्नाखाली लिहिलं होतं, "अजून मागितली नाही."